वय की मोबाइल? बातमीवरचा विश्वास मोजताना

‘बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवता येतो’ हे विधान तुम्हाला कितपत पटते? ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी चाळीसहून अधिक देशांत हा प्रश्न विचारते. अशा पाहण्यांत पुष्कळदा दिसते की वयस्कर माणसे बातम्यांवर तरुणांपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. पण हा परिणाम वयाचा, की वयाबरोबर बदलणाऱ्या सवयींचा? आजोबा वर्तमानपत्र वाचतात, नात मोबाइलवर रील्स बघते. शिवाय नातीचे शिक्षणही जास्त. ही गुंतागुंत सोडवायला संशोधक मल्टिपल रिग्रेशन वापरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, 400 जणांची पाहणी केली. पाच विधानांवरच्या उत्तरांची सरासरी काढून प्रत्येकाला 1 ते 5 या पट्टीवर विश्वासाचा आकडा दिला. नुसते वय घेतले, तर दर वर्षामागे विश्वास 0.025 ने वाढलेला दिसतो. मग शिक्षणाची वर्षे, वर्तमानपत्र-टीव्हीला दिलेले रोजचे तास आणि समाजमाध्यमांवरचे रोजचे तासही हिशेबात घेतले, आणि समीकरण असे आले:

विश्वास = 2.4 + 0.01 × वय − 0.03 × शिक्षण + 0.20 × वर्तमानपत्र-टीव्ही − 0.15 × समाजमाध्यमे

वयाचा गुणांक 0.025 वरून 0.01 वर उतरला. म्हणजे वयाच्या नावावर जमा झालेला मोठा हिस्सा खरे तर माध्यमांच्या सवयींचा होता. प्रत्येक गुणांक एकच गोष्ट सांगतो: बाकीच्या बाबी सारख्या असलेल्या माणसांत ही एक बाब एका एककाने वाढली, तर विश्वासात सरासरी किती फरक दिसतो. शिक्षण आणि सवयी सारख्याच असलेल्या पंचविशीतल्या आणि साठीतल्या माणसांत आता 0.35 चाच फरक उरतो.

हे आकडे संगणक क्षणात देतो. ते खरे मानावेत का, हे मात्र तपासावे लागते. त्यासाठी प्रत्येकाचा प्रत्यक्ष आकडा आणि समीकरणाने वर्तवलेला आकडा यांतला फरक, म्हणजे ‘अवशेष’, आलेखावर मांडतात. ठिपके शून्याच्या रेषेभोवती विस्कळीत पसरले, तर ठीक. ते वाटीच्या आकारात वळले, तर नाते सरळ रेषेचे नाही: कदाचित विश्वास तरुणपणी आणि म्हातारपणी जास्त आणि मधल्या वयात कमी असेल. मग वयाचा वर्गही समीकरणात घालून पाहतात. ठिपके पंख्यासारखे रुंदावत गेले, तर काही गटांत अंदाज जास्त चुकतो आहे. गुणांक तेच ठेवून त्यांच्या चुकीची मर्यादा वेगळ्या, अधिक सावध पद्धतीने मोजावी लागते. अवशेषांची वाटणी घंटेच्या आकाराची आहे का, हेही बघतात. पण 400 जण असताना थोडी वाकडी घंटा फारसे बिघडवत नाही.

आपल्या उदाहरणात खरी धास्ती दुसरीच आहे. वय आणि माध्यमांच्या सवयी इतक्या एकत्र चालत असतील, की त्यांचे परिणाम वेगळे करताच येणार नाहीत, तर? यासाठी व्हीआयएफ नावाचा आकडा काढतात. बाकीच्या बाबींवरून वयातला निम्मा फरक सांगता येत असेल, तर व्हीआयएफ 2 येतो, तो चालतो. 90 टक्के फरक सांगता आला, तर तो 10 होतो. मग वयाचा गुणांक इतका डळमळीत होतो, की थोडी माणसे बदलली तरी त्याचे चिन्हही उलटू शकते.

एक चूक मात्र कुठल्याच आलेखात सहज दिसत नाही. एकाच घरातल्या चौघांची उत्तरे चार स्वतंत्र मते म्हणून मोजली जातात. घरातला टीव्ही एकच, जेवणाच्या ताटावरच्या गप्पाही त्याच. त्यामुळे उत्तरे एकमेकांसारखी येतात आणि निष्कर्ष असतो त्याहून पक्का भासतो. पाहणी कशी केली, हे विचारल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

पट्टीच्या मर्यादाही विसरता येत नाहीत. आपल्या समीकरणात 18 वर्षांचा, 12 वर्षे शिकलेला, वर्तमानपत्र-टीव्ही न बघणारा आणि दहा तास समाजमाध्यमांवर असणारा मुलगा घाला: उत्तर येते 0.72. पट्टी तर 1 पासून सुरू होते. अशी माणसे नमुन्यात मोजकीच असतील, तर त्यांच्याविषयी या समीकरणाने बोलूच नये.

सगळ्या तपासण्या पार पडल्या, तरी एक प्रश्न उरतोच. वर्तमानपत्र वाचल्याने विश्वास वाढतो, की मुळात विश्वास असलेलेच वर्तमानपत्र घेतात? एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांतून कारण आधी की परिणाम, हे ठरत नाही. त्यासाठी त्याच माणसांना काही काळाने पुन्हा विचारावे लागते. तोवर ‘समाजमाध्यमांमुळे विश्वास घटला’ असे म्हणता येणार नाही. ‘समाजमाध्यमे जास्त वापरणाऱ्यांत विश्वास कमी आढळला’ एवढेच या आकड्यांवरून म्हणता येते.