शौचाला डांबरासारखं काळं झालं तर

गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणाऱ्या आजींना शौचाला काळंकुट्ट, चिकट, उग्र वासाचं होतं. पोट दुखत नाही, म्हणून त्या कुणाला सांगतही नाहीत. हे बहुधा जठरातल्या अल्सरमधून वाहिलेलं रक्त असतं; पोटातून आतड्यात जाताना ते काळं पडतं. उलटीत तेच कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण सहसा असा चिकटपणा नसतो.

सुरुवातीला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो. त्यावर विसंबू नका. उभं राहताच चक्कर, थंड घाम, जलद नाडी म्हणजे बरंच रक्त गेलेलं असतं. वेदनाशामक गोळी थांबवा, तोंडाने काही देऊ नका, 108 ला फोन करा. एंडोस्कोपीने रक्तस्राव आतल्या आत थांबवता येतो. सकाळची वाट पाहू नका.