‘मी या वॉर्डाची इन्चार्ज’

सकाळी आठच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्रीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरना ओव्हर देत असतात. त्याच वेळी दाराशी सात-आठ मुलंमुली येऊन उभी राहतात. गणवेश नवा, इस्त्री कडक, खिशात पेन, मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची ही मुलं. आतापर्यंत त्यांनी नाडी, रक्तदाब, बेड करणं, स्पंजिंग हे सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बाहुल्यावर किंवा एकमेकांवर केलेलं असतं. आज पहिल्यांदा समोर खरा रुग्ण असणार आहे. ओव्हर संपल्यावर इन्चार्ज सिस्टर त्यांना नर्सिंग स्टेशनजवळ बोलावतात आणि स्वतःची ओळख करून देतात. सरकारी कागदावर त्यांच्या पदाचं नाव ‘परिसेविका’ असतं, वॉर्डात मात्र सगळे ‘इन्चार्ज सिस्टर’च म्हणतात.

ही ओळख बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत उरकते. नाव सांगितलं जातं, मोबाइल बंद ठेवायला आणि केस नीट बांधायला सांगितलं जातं, वॉर्डात गप्पा नकोत अशी ताकीद मिळते आणि मुलं कामाला लागतात. त्यात चूक काही नाही, पण या दोन मिनिटांत एक फार मोलाची संधी निसटते. एकोणीस वर्षांच्या मुलीला रुग्णाजवळ काहीतरी बिघडलेलं दिसलं, तर ती बोलेल की गप्प बसेल, हे बरंचसं या ओळखीवर ठरतं.

चांगली इन्चार्ज आधी नाव सांगते आणि मग आपलं काम सांगते. “या वॉर्डातले रुग्ण, औषधं, सामान आणि इथं काम करणारी माणसं, या सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. तुमचीही. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे किंवा ड्यूटीवरच्या स्टाफ सिस्टरकडे असते. तुम्हाला कुणीही, अगदी डॉक्टरांनी जरी ‘हे इंजेक्शन देऊन टाक’ म्हटलं, तरी एकट्यानं द्यायचं नाही. ‘इन्चार्ज सिस्टरना विचारून येते’ एवढं म्हणायचं आणि माझ्याकडे यायचं.” गणवेश घातला की नातेवाइकांना विद्यार्थिनी आणि सिस्टर यांतला फरक कळत नाही. सलाइन संपलं की ते पहिली दिसेल तिलाच हाक मारतात. नाही म्हणायला शब्द सुचत नाहीत म्हणून नवखी मुलगी नको ते करून बसते. ते शब्द इन्चार्जनं पहिल्याच दिवशी तिच्या तोंडात दिलेले असतात.

नाव आणि काम दोन्ही सांगण्याला जगभर महत्त्व दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत पहिला छेद घेण्याआधी चमूतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि भूमिका सांगितल्याची खात्री करा, असा मुद्दाच आहे. ब्रिटनमधल्या डॉ. केट ग्रेंजर यांना कर्करोग झाला आणि त्या स्वतः रुग्ण म्हणून दाखल झाल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की उपचार करायला येणारे अनेक जण आपलं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली आणि ती अनेक रुग्णालयांत पोचली. आपल्याकडच्या वॉर्डातही विद्यार्थ्याला हेच शिकवायचं असतं. बेडजवळ गेल्यावर “काका, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, तुमची नाडी बघू का?” असं विचारायचं. विद्यार्थिनी आहोत हे लपवायचं नाही, आणि रुग्ण नको म्हणाला तर ते मानायचं.

मात्र माझ्या मते ओळखीतलं सर्वांत वजनदार वाक्य पुढचं आहे. “तुम्ही मोजलेला आकडा तुम्हालाच चुकीचा वाटला, तरी मला येऊन सांगा. मी तुमच्याबरोबर परत मोजेन.”

हे वाक्य का लागतं, ते श्वास मोजण्याच्या साध्या कामातून कळतं. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो पूर्ण साठ सेकंद मोजावा लागतो. ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीकडे न्यायची. वॉर्डात तीस-चाळीस रुग्ण, त्यात जमिनीवरच्या गाद्या, एवढ्या गर्दीत हे मिनिट सगळ्यांत आधी वगळलं जातं. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगतं, श्वास मात्र डोळ्यांनी मोजावा लागतो. मग चार्टवर अंदाजानं १८ किंवा २० लिहिलं जातं. अनुभवी इन्चार्जला हे कागद बघूनच कळतं. दम्याचा रुग्ण, तापाचा रुग्ण आणि उद्या घरी जाणारा रुग्ण, तिघांच्याही पुढे १८ लिहिलेलं असेल, तर कुणाचाच श्वास मोजलेला नाही.

एक उदाहरण घेऊ. हे मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण मेडिसिन वॉर्डात असा प्रसंग नवा नाही. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ न्यूमोनियासाठी दाखल आहेत, मधुमेहही आहे. सकाळी सहाच्या नोंदीत ताप ९९, नाडी ८८, श्वास १८, रक्तदाब १२४/८०. दहा वाजता पहिल्या दिवसाची विद्यार्थिनी त्यांच्याजवळ जाते. ते उठून बसलेले आहेत, बायकोनं दिलेला चहा घेत आहेत, तिच्याशी बोलतातही. तिच्या मोजणीत ताप १००.८, नाडी १०४, रक्तदाब ११०/७० आणि श्वास २६ येतो.

आता तिच्या मनात काय चालतं ते बघा. रक्तदाब तर पुस्तकातल्या नॉर्मलमध्ये बसतो. माणूस हसतो-बोलतो आहे. चार तासांपूर्वी अनुभवी सिस्टरनं १८ लिहिलं आहे. म्हणजे आपलंच चुकलं असणार. एवढा विचार झाला, की २६ चा आकडा मनातच राहतो आणि कागदावर २० उतरतो. तिचा खोटेपणा करायचा हेतू मुळीच नसतो. तिला फक्त आपल्या मोजणीवर विश्वास नसतो आणि ओरडा बसेल याची धास्ती असते.

प्रत्यक्षात तोच आकडा धोक्याची सूचना देत असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं रुग्ण खालावतोय का हे ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत बनवली आहे. तिच्यात मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वास असेल, तर त्या एकाच गोष्टीला तीन गुण मिळतात. कुठल्याही एका नोंदीला दिले जाणारे सर्वाधिक गुण तेवढेच आहेत आणि तेवढ्यावरच रुग्णाला तातडीनं तपासावं लागतं. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला की श्वास आणि नाडी आधी वाढतात. रक्तदाब बराच वेळ तग धरतो आणि उशिरा कोसळतो. तो कोसळेपर्यंत थांबलं, तर हातातले मोलाचे तास गेलेले असतात.

समजा, सकाळचं ते वाक्य तिला आठवलं आणि ती इन्चार्जकडे गेली. इन्चार्ज हातातलं इंडेंटचं रजिस्टर बाजूला ठेवून तिच्याबरोबर बेडपाशी येतात. रुग्ण नुकताच बाथरूमला जाऊन आला आहे का, हे विचारतात. चालण्यानं, दुखण्यानं, तापानंही श्वास वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावर निष्कर्ष काढत नाहीत. पण इथं माणूस तासभर बेडवरच आहे. बोलताना त्याचं वाक्य मध्येच तुटतं आणि श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जातात. इन्चार्ज हे विद्यार्थिनीला बोटानं दाखवतात. पुन्हा पूर्ण मिनिट मोजून २६ च भरतात. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९३ दिसतो. बेडची डोक्याकडची बाजू उंच केली जाते आणि निवासी डॉक्टरांना फोन जातो. कुठला रुग्ण, कशासाठी दाखल, सकाळी काय होतं, आता काय आहे आणि ‘तुम्ही लगेच या’, एवढंच, याच क्रमानं. विद्यार्थिनी शेजारी उभी राहून ऐकते. डॉक्टरांना कसं सांगायचं हा धडा तिला वर्गात शिकवलेला असतो, आज तो तिच्या स्वतःच्या मोजणीवरून घडतो.

दुसरी गोष्टही मुलं अशीच लपवतात. ती म्हणजे हाताला टोचलेली सुई. म्हणून ओळखीच्या वेळीच इन्चार्ज प्रत्येकाला नाव विचारताना आणखी दोन प्रश्न विचारतात. सकाळी काही खाल्लं का, आणि हिपॅटायटिस बीचे किती डोस झाले? पहिला प्रश्न घरगुती वाटतो, पण उपाशीपोटी पहिली मोठी जखम बघताना मुलं चक्कर येऊन पडतात. दुसरा प्रश्न त्याहून गंभीर आहे. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका लस न घेतलेल्यांना एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि लशीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. ज्यांचे झाले नाहीत, त्यांना इन्चार्जनं सुयांच्या कामापासून दूर ठेवायला हवं.

सुई टोचलीच तर काय करायचं, तेही त्या तिथंच सांगतात. “सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचली तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच माझ्याकडे यायचं. ड्यूटी संपल्यावर नाही, लगेच.” घाईचं कारण असं, की एचआयव्ही टाळण्याची औषधं गरज असल्यास शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही आणि एकदा सुरू केली की २८ दिवस घ्यावी लागतात. वसतिगृहात रात्रभर रडून दुसऱ्या दिवशी सांगणारी मुलगी यातला सगळ्यांत मोलाचा वेळ गमावते.

एवढं सगळं नीट सांगूनही ही ओळख एका क्षणी वाया जाऊ शकते. कुणीतरी विद्यार्थिनी धावत येते, “सिस्टर, बेड नंबर बाराची नाडी लागत नाही!” जाऊन बघावं तर काका मजेत झोपलेले असतात आणि तिचं बोट मनगटाच्या चुकीच्या बाजूला असतं. त्या वेळी इन्चार्जच्या तोंडून “एवढंही येत नाही का?” असं निघालं, तर सकाळचं वाक्य सगळ्यांसाठी रद्द होतं. तिच्या सोबतच्या सातही जणी ते ऐकत असतात. तिचं बोट धरून योग्य जागी ठेवायला दहा सेकंद लागतात. कामाच्या रगाड्यात तेवढी दहा सेकंदं काढणं सोपं नाही, हे खरं. मुलांना शिकवणं ही मुळात कॉलेजच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची जबाबदारी असते आणि इन्चार्जच्या डोक्यावर औषधं, सामान, ड्यूटी-पत्रक, तपासणीला येणारे साहेब असं सगळं असतं. तरीही ती दहा सेकंदं तिनंच द्यायला हवीत, कारण वॉर्ड तिचा आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक ओळखींमध्ये राहून जाते. इन्चार्ज सकाळी असते. दुपारी आणि रात्री ती घरी असते, मुलांची पोस्टिंग मात्र पुढे संध्याकाळच्याही पाळीत लागते. म्हणून जाणत्या इन्चार्ज ‘मला सांगा’ म्हणून थांबत नाहीत. त्या ड्यूटीवरच्या स्टाफ सिस्टरना तिथंच बोलावतात, त्यांची नावं सांगतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांचीही ओळख करून देतात, कारण ऑक्सिजनचा सिलिंडर कुठं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. स्टाफ सिस्टरनाही मुलांसमोरच सांगतात, “मी नसताना ही मुलं काही सांगायला आली, तर आधी रुग्णाजवळ जायचं, बाकीचं मग.” मग फळ्यावर त्या दिवशीच्या तिन्ही पाळ्यांच्या सिस्टरची नावं लिहिली जातात, आणि मुलं आपापल्या बेडकडे जातात.