पीडब्ल्यूएम की एमपीपीटी? उत्तर पॅनलच्या मागच्या पट्टीवर

सौर पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये जो छोटा डबा बसतो तो चार्ज कंट्रोलर. बॅटरी भरत आली की तो प्रवाह कमी करतो आणि रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनलकडे जाऊ देत नाही. घरगुती वापरासाठी बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. पीडब्ल्यूएम काही शे रुपयांपासून मिळतो, तर खराखुरा एमपीपीटी घ्यायचा तर काही हजार मोजावे लागतात. महाग तो चांगला, असे दुकानात सहज सांगितले जाते. प्रत्यक्षात कोणता घ्यावा हे पॅनल ठरवते, आणि त्यासाठी लागणारे आकडे पॅनलच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवरच छापलेले असतात.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मुळात एक वेगाने उघडझाप करणारा स्विच. बॅटरी रिकामी असताना तो सतत चालू राहतो आणि पॅनल थेट बॅटरीला जोडले जाते. अशा वेळी पॅनलला स्वतःचे व्होल्टेज राखता येत नाही, ते बॅटरीच्या पातळीवर उतरते. अँपिअर मात्र पॅनलमधून जेवढे निघतात तेवढेच बॅटरीत जातात, वाढत नाहीत. एमपीपीटीमध्ये तारेचे वेटोळे असलेला रूपांतरक असतो. तो पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि वरचे व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात अँपिअर वाढवून बॅटरीला देतो. या रूपांतरात साधारण पाच टक्के वीज खर्च होते.

बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेल्या छोट्या पॅनलमध्ये 36 सेल असतात. अशा 100 वॅटच्या पॅनलच्या पट्टीवर व्हीएमपी, म्हणजे सर्वाधिक शक्ती मिळते ते व्होल्टेज, 18 च्या आसपास आणि प्रवाह साडेपाच अँपिअरच्या थोडा वर दिसतो. बॅटरी 13 व्होल्टवर असेल तर पीडब्ल्यूएममध्ये वरचे पाच व्होल्ट वाया जाणार, म्हणजे पाव भागाहून जास्त नुकसान, असा हिशेब मांडता येतो. ‘एमपीपीटीने 30 टक्के जास्त वीज’ हा जाहिरातीतला आकडा इथूनच येतो. पण पट्टीवरचे आकडे सेलचे तापमान 25 अंश धरून दिलेले असतात. सोलापूर किंवा अकोल्यात दुपारी हवा 35 अंशांवर असली की छतावरच्या पॅनलचे सेल 60 अंशांपर्यंत सहज तापतात. दर अंशामागे व्होल्टेज सुमारे 0.4 टक्के घटते, त्यामुळे 18 चे साडेपंधरा व्होल्टच उरतात. आता दोन्हींची तुलना केली तर पीडब्ल्यूएममधून बॅटरीला सुमारे 5.7 अँपिअर मिळतात आणि एमपीपीटीतून, त्याचा स्वतःचा खर्च वजा जाता, 6.2 च्या आसपास. फरक अर्ध्या अँपिअरचा. थंड प्रदेशात तो बराच मोठा होतो, आपल्याकडच्या उन्हात नाही.

हा अर्धा अँपिअर महत्त्वाचा आहे का, ते वापरावरून कळते. शेतातल्या एका खोलीचे उदाहरण घ्यावे. तीन एलईडी दिवे, एक बीएलडीसी पंखा आणि मोबाइल चार्जिंग मिळून रोज सुमारे 400 वॅट-तास लागतात. बॅटरी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची आहे आणि 100 वॅटची दोन पॅनले समांतर जोडलेली आहेत. दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन धरले तर पीडब्ल्यूएममधून 57 अँपिअर-तास, म्हणजे साडेसातशे वॅट-तासांच्या जवळपास वीज येते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरताना आणि वापरताना होणारी घट वजा केली तरी गरज भागून वर काही उरते. बॅटरी दुपारीच भरत आली की कोणताही कंट्रोलर प्रवाह आवळतो, त्यामुळे एमपीपीटीची जादा क्षमता नुसती पडून राहते. अशा ठिकाणी स्वस्त कंट्रोलर पुरेसा आहे. पावसाळ्यासाठी थोडी जादा वीज हवी असेल, तर कंट्रोलरवर जादा खर्च करण्याऐवजी तेच पैसे आणखी एका पॅनलकडे वळवणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

सगळे चित्र बदलते ते मोठ्या पॅनलने. घरच्या छतांवर बसणाऱ्या 330 वॅटच्या 72 सेलच्या पॅनलचा व्हीएमपी 37 च्या पुढे असतो आणि प्रवाह नऊ अँपिअरच्या आत. वॅटच्या हिशेबात हे पॅनल स्वस्त पडते, म्हणून अनेक जण इन्व्हर्टरच्या 150 अँपिअर-तासांच्या एकाच बॅटरीला ते जोडायला जातात. मध्ये पीडब्ल्यूएम असेल तर बॅटरीत तेच नऊ अँपिअर उतरतात, म्हणजे 330 वॅटच्या पॅनलमधून जेमतेम 117 वॅट. एमपीपीटी असेल तर तापलेल्या पॅनलमधूनही वीस अँपिअर मिळतात. इथे एमपीपीटीला पर्याय नाही. शिवाय उघड्या टोकांना या पॅनलचे व्होल्टेज, पट्टीवरचे व्हीओसी, 46 च्या घरात जाते, आणि कित्येक स्वस्त पीडब्ल्यूएम ते सोसत नाहीत. जोडल्या जोडल्या ते जळू शकतात.

तेच पॅनल 24 व्होल्टच्या, म्हणजे मालिकेत जोडलेल्या दोन बॅटऱ्यांना लावले तर पीडब्ल्यूएम पुन्हा चालतो. तापल्यावरही त्याच्याकडे 32 व्होल्ट उरतात आणि बॅटरी पूर्ण भरायला 29 च्या आत लागतात. 60 सेलचे पॅनल मात्र इथे फसवते. पट्टीवर 31 व्होल्ट दिसतात खरे, पण उन्हात ते 27 च्या खाली येतात. बॅटरी रोज थोडी थोडी अपुरी भरत राहते, प्लेटांवर सल्फेट साचते आणि वर्षा-दोन वर्षांत बॅटरी धरत नाही अशी तक्रार सुरू होते. दोष बॅटरीवर जातो, कारण पॅनल दिवसभर काही ना काही देतच असते.

एमपीपीटीच्या बाजूने आणखी एक कारण म्हणजे लांबचे अंतर. पॅनल गोठ्याच्या पत्र्यावर आणि बॅटरी घरात असेल, तर समांतर जोडणीत जास्त अँपिअर लांब तारेतून जातात आणि व्होल्टेज वाटेतच गळते. एमपीपीटी असेल तर पॅनले मालिकेत जोडता येतात. व्होल्टेज दुप्पट, अँपिअर निम्मे, आणि तारेतली गळती एक चतुर्थांशावर येते. अशा वेळी कंट्रोलरवरचा ‘75/15’ यासारखा आकडा बघावा. पहिला पॅनलच्या बाजूच्या व्होल्टची कमाल मर्यादा, दुसरा बॅटरीकडे जाणाऱ्या अँपिअरची. मालिकेतल्या पॅनलच्या व्हीओसीची बेरीज पहिल्या आकड्याच्या बरीच खाली हवी, कारण थंडीतल्या सकाळी ती पट्टीवरच्यापेक्षा वाढते. दुसरी मर्यादा ओलांडली तर चांगला कंट्रोलर प्रवाह तिथेच रोखून धरतो, पहिली ओलांडली तर तो कामातून जातो.

डब्यावर एमपीपीटी छापलेले पण आत पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलरही सर्रास विकले जातात. वजनाला अगदी हलका आणि किमतीला पीडब्ल्यूएमच्या जवळचा कंट्रोलर संशयास्पदच समजावा, कारण तांब्याच्या वेटोळ्याला वजन असते. खात्री करायची तर बॅटरी उतरलेली असताना, सकाळी दहा-अकराच्या उन्हात, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आधी पॅनलच्या तारेला आणि मग बॅटरीच्या तारेला लावावा. दोन्हीकडे सारखेच अँपिअर दिसले आणि पॅनलच्या टर्मिनलवर बॅटरीपेक्षा जेमतेम अर्धा व्होल्ट जास्त आला, तर तो पीडब्ल्यूएम. बॅटरीकडचे अँपिअर पॅनलकडच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असतील तर एमपीपीटी खरा. ही चाचणी 36 सेलच्या पॅनलवर न करता मोठ्या पॅनलवर करावी, कारण छोट्या पॅनलवर दोहोंतला फरक मीटरच्या चुकीइतकाच असू शकतो.