अर्जाची पहिली ओळ: आवक क्लार्कपासून मोबाइलपर्यंत

'आय ॲम रायटिंग टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ...' धाराशिवमध्ये झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात गेलात तर ही ओळ संगणकात तयारच सापडते. पुढे पदाचं नाव बदलायचं, खाली पोराचं नाव टाकायचं आणि प्रिंट काढायची. मी आधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि नंतर अशाच एका दुकानात बसून या ओळीचे असंख्य कागद काढले. आज ती शिळी वाटते, पण एके काळी ती कामाची होती. तिचं काम कसं गेलं हे पाहिलं की तिच्या जागी काय लिहावं तेही कळतं.

ऐंशीच्या दशकात अर्ज पोस्टानं जायचा. 1982 मध्ये लोकमतची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली आणि सोलापूरचा संचारही आपल्याकडे यायचा. शाळेच्या, बँकेच्या, कारखान्याच्या जाहिराती त्यात पाहून मुलं इन्स्टिट्यूटमध्ये यायची. रेमिंग्टनवर कार्बन घालून आम्ही टाइप करायचो: अमुक दैनिकात अमुक तारखेला आलेल्या आपल्या जाहिरातीस अनुसरून अमुक पदासाठी अर्ज करत आहे. इंग्रजीत त्याचंच 'आय बेग टू अप्लाय' व्हायचं. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. तरी पत्रलेखनाच्या इंग्रजी पुस्तकांतला हा ब्रिटिश अदबीचा थाट आमच्या पिढीपर्यंत टिकून होता.

हे पाकीट सर्वांत आधी साहेबाच्या हातात पडत नसे. ते आवक-जावक क्लार्क फोडायचा. एकाच संस्थेनं शिक्षक, लिपिक आणि शिपाई अशा तिन्ही जागा एकदम काढलेल्या असायच्या. क्लार्क पहिली ओळ वाचायचा, रजिस्टरला नोंद करायचा आणि अर्ज त्या त्या गठ्ठ्यात टाकायचा. जाहिरातीची तारीख किंवा पद चुकलं तर अर्ज भलत्याच गठ्ठ्यात जायचा आणि मुलाखतीचं पत्र यायचंच नाही. म्हणून त्या ओळीत उमेदवाराबद्दल काही नसलं तरी चालायचं. ती ओळ क्लार्कसाठी होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आपल्याकडे लोहारा आणि उमरगा भागातली गावं उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनाच्या कामासाठी बाहेरच्या संस्था आल्या आणि त्यांना गावोगाव फिरणारी माणसं हवी होती. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातल्या बायका संवाद सहायक म्हणून काम करू लागल्या. अशा कामांसाठी आलेले अर्ज टाइप करताना मला पहिल्यांदा फरक दिसला. इथं पाकीट फोडणारा आणि मुलाखत घेणारा बऱ्याचदा एकच माणूस असायचा. त्याला पदाचं नाव माहीत होतं, कारण त्यानंच माणूस मागितला होता. त्याला हवं होतं ते एवढंच, की ही मुलगी कोणत्या गावची आणि कोणत्या घरांत तिची ऊठबस आहे. जिच्या अर्जात ते पहिल्याच ओळीत असे, तिला पुढचे प्रश्न नेमके विचारले जात.

पुढे नेट कॅफे आले, ई-मेल आला. जाहिरात कुठली, पद कोणतं, हे आता विषयाच्या चौकटीत लिहायचं असतं. क्लार्कचं सगळं काम त्या चौकटीनं घेतलं. तरीही पत्राच्या आत तीच ओळ राहिली, फक्त 'आय बेग' जाऊन 'आय ॲम रायटिंग' आलं. आता तर निवड करणारा माणूस पत्र मोबाइलवर पाहतो. यादीत त्याला विषय दिसतो आणि त्यापुढे पत्राचे पहिले काही शब्द. ते शब्दही 'मी अर्ज करण्यासाठी लिहीत आहे' असे असतील तर विषयातलीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली आणि दिसणारी जागा संपली.

मध्यंतरी भूम तालुक्यातला एक मुलगा आला. खवा-पेढ्याचा भाग तो, घरोघरी जनावरं. एका डेअरीत दूध संकलन पर्यवेक्षकाची जागा होती. त्याच्या पत्रात पहिली ओळ ठरलेली, दुसरीत 'आपल्या नामांकित कंपनीत', तिसरीत 'मी मेहनती व प्रामाणिक'. मी म्हटलं, काहीतरी तुझं स्वतःचं लिही. त्यानं लिहिलं, 'दूध माझ्या रक्तातच आहे.' शिळं गेलं आणि भडक आलं. हे वाचून डेअरीवाल्याला त्याच्याबद्दल काय कळणार?

मग मी विचारलं, तू गावच्या केंद्रावर नेमकं काय करत होतास? "काका, दूध मोजून घ्यायचो, मशीनवर फॅट लावायचो. भांडणं लई व्हायची. सकाळी फॅट कमी लागली की लोक म्हणायचे, मशीन खोटी हाय." मग तू काय करायचास? दूध उभं राहिलं की साय वर येते, त्यामुळे न ढवळता नमुना घेतला की आकडा चुकतो, हे त्याला ठाऊक होतं. तो कॅन नीट ढवळून, शेतकऱ्यासमोरच दुसरा नमुना लावायचा. आणि दोन धारांमधलं रात्रीचं अंतर जास्त असलं की सकाळच्या दुधाला फॅट थोडी कमीच लागते, हेही समजावून सांगायचा.

पत्र त्याच्या बोलण्यातच होतं. विषयात आम्ही पद, तालुका आणि त्याचं नाव घातलं. आत सुरुवात केली: 'आमच्या गावच्या केंद्रावर दोन वर्षं मी रोज दोन्ही वेळेचं दूध घेत होतो. फॅट कमी लागल्याची तक्रार आली की कॅन ढवळून शेतकऱ्यासमोर नमुना पुन्हा तपासायचो, त्यामुळे वाद केंद्रावरच मिटायचा. पर्यवेक्षक म्हणून हेच काम मला आपल्या सर्व केंद्रांवर बसवता येईल.' पहिल्या वाक्यात जागा आणि काम, दुसऱ्यात डेअरीची रोजची डोकेदुखी आणि त्यावरचा त्याचा इलाज, तिसऱ्यात पदाशी सांधा. 'अर्ज' हा शब्द कुठेच आला नाही, तरी तो अर्ज आहे हे कुणालाही कळतं.

अशा सुरुवातीची एक जोखीम आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो. त्याला विचारलं गेलं, नमुना पुन्हा लावूनही आकडा तोच आला तर? त्यानं ते केलेलं असल्यामुळे उत्तर होतं. मित्राच्या पत्रातून उचललेलं वाक्य असतं तर तो तिथंच अडकला असता. म्हणून दुकानात आता मी नवी ओळ साठवून ठेवत नाही. ती दुसऱ्याला दिली की आठवड्यात शिळी होते आणि वर खोटीही ठरते. 'आपली जाहिरात पाहून अत्यंत आनंद झाला' या ओळीचं तेच झालं. कंपनीचं नाव झाकून ती दुसऱ्या दहा ठिकाणी पाठवता येते.

सरकारी अर्जाला मात्र यातलं काही लागू नाही. जिल्हा परिषदेत किंवा अनुदानित संस्थेत कागदी अर्ज मागितला असेल तर जाहिरात क्रमांक, दिनांक आणि पद पहिल्याच ओळीत हवं, कारण तिथं रजिस्टर आणि क्लार्क आजही आहेत. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर तर पत्रच नाही, नुसत्या चौकटी भरायच्या. तिथं शब्द ताजे करण्यात वेळ घालवू नये. पत्र आधी कोण उघडणार हे मी प्रत्येकाला विचारतो, आणि रजिस्टरवाला क्लार्क उघडणार असेल तर जुनीच ओळ बिनदिक्कत टाइप करून देतो.