नागपुरातले रेडिओ घड्याळ

सोलर आणि रेडिओ-नियंत्रित घड्याळात दोन स्वतंत्र सोयी असतात. तबकडीखालची सौरपट्टी आतला रिचार्जेबल सेल भरते, त्यामुळे सेल बदलावा लागत नाही. वेळेच्या अचूकतेशी तिचा संबंध नाही. वेळ मोजतो तो इतर घड्याळांसारखाच क्वार्ट्झचा स्फटिक. तो सेकंदाला 32,768 वेळा कंपतो आणि साधारणपणे महिन्याला 15 सेकंदांपर्यंत चुकतो.

ही चूक तापमानावर अवलंबून असते. स्फटिक साधारण 25 अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. त्याहून गरम किंवा थंड झाला की त्याची गती कमी होते. फरक दुप्पट झाला तर घट चौपट होते. मे महिन्यात नागपुरातल्या 38 अंशांच्या खोलीत काढून ठेवलेले घड्याळ त्यामुळे रोज सुमारे अर्धा सेकंद मागे पडते आणि 45 अंशांना सव्वा सेकंदाच्या आसपास. मनगटावर अंगाचे तापमान बऱ्यापैकी स्थिर असल्याने ही चूक कमी राहते.

रेडिओ संदेश ही चूक पुसतो. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ प्रसारित होते. दर सेकंदाला एक खूण येते आणि मिनिटभरात तास, मिनिट, तारीख आणि उन्हाळी वेळेची सूचना पूर्ण होते. ब्रिटन, अमेरिका, जपान आणि चीनमध्येही अशी केंद्रे आहेत. या दीर्घलहरी रात्री अधिक दूर पोहोचतात, म्हणून घड्याळ मध्यरात्रीनंतर आपोआप संदेश शोधते. जर्मन संदेशाचा पल्ला मात्र दोनेक हजार किलोमीटरचा आहे आणि भारतात असे दीर्घलहरी केंद्र नाही. त्यामुळे नागपुरात हे घड्याळ साधे क्वार्ट्झ घड्याळ ठरते.

प्रवासात काय होते, हे नागपूर-दोहा-फ्रँकफुर्ट या मार्गावर दिसते. समजा, निघताना घड्याळ 15 सेकंद मागे आहे. दोह्यात घड्याळातले शहर बदलले की काटे अडीच तास मागे सरकतात, पण संदेश नसल्याने 15 सेकंदांची चूक तशीच राहते. फ्रँकफुर्टला पोहोचल्यावर पुन्हा शहर बदलावे लागते, कारण घड्याळ कुठे आहे हे रेडिओ संदेश सांगत नाही. रात्री ते खिडकीजवळ, मोबाइल चार्जर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवले की सकाळपर्यंत सेकंद जुळतात. संदेश मिळाला की नाही, हे बटण दाबल्यावर सेकंदकाटा किंवा पडदा दाखवतो. परतल्यावर शहर दिल्ली केले की उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक मिटतो, सेकंद अचूक राहतात आणि नवी चूक पुन्हा साचू लागते.

म्हणून युरोप, जपान किंवा अमेरिकेत वारंवार राहणाऱ्याला या घड्याळाचा उपयोग होतो. नागपूर आणि आखातात ये-जा करणाऱ्याला सोलरची सोय तेवढी मिळते, रेडिओची नाही. त्याच्यासाठी ब्लूटूथने मोबाइलकडून वेळ घेणारे घड्याळ बरे. जीपीएस घड्याळ तर उपग्रहांवरून ठिकाणही ओळखते. त्याला फक्त उघडे आकाश लागते, आणि ते नागपुरातही मिळते.