आधी मुरूम शोधा, मग खड्डा मोजा

शोषखड्डा करायचा ठरला की गवंडी पहिलं विचारतो, "किती बाय किती?" माझ्या मते त्याआधी पाहायला हवं ते खाली काय आहे. दख्खनच्या पठारावर बहुतेक प्लॉटांवर वर काळी माती असते आणि तिच्याखाली मुरूम. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातून पाणी फार सावकाश जातं. मुरूम मात्र पाणी पितो.

म्हणून उन्हाळ्यातच, जिथे खड्डा करायचा तिथे मुरूम लागेपर्यंत खणा. तळाशी फूटभर खोल लहानसा खळगा करून तो पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, पट्टी उभी धरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पाहा. कडा ढासळू शकतात, तेव्हा आत उतरताना वर कुणीतरी उभं हवंच.

आता हिशेब. गच्ची 1000 चौरस फूट, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. एका जोरदार सरीत 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर थोडं वाया जाऊन सुमारे 2000 लिटर पाणी खाली येतं. खड्ड्यात सारख्या आकाराचे दगड भरले, तर पाण्याला फार तर 40 टक्के जागा उरते. त्यामुळे 5 बाय 5 फूट आणि 8 फूट खोल खड्ड्यात जेमतेम 2200 लिटर मावतात. एक सर सामावली.

पण पुढची सर येण्याआधी तो रिकामा व्हायला हवा. खळग्यातलं पाणी तासाला 5 सेंटिमीटर उतरत असेल, तर नुसत्या तळातूनच हे 2000 लिटर साधारण 17 तासांत मुरतात. तळाशी काळीच माती असेल आणि पाणी तासाला 3 मिलिमीटर उतरत असेल, तर बारा दिवस लागतात. असा खड्डा कितीही रुंद केला तरी फारसं साधत नाही. त्याच्या तळातून मुरमापर्यंत खडी भरलेलं भोक न्यावं लागतं.

मुरूम चांगला असूनही खड्डे बंद पडतात ते गाळाने. वाळू थेट दगडांवर टाकली तर ती फटींत उतरते आणि 40 टक्के जागा हळूहळू संपते. त्याऐवजी गच्चीचा पाइप आधी दोन-अडीच फुटांच्या लहान टाकीत सोडावा. तिच्यात खाली खडी, मध्ये जाळी, वर वाळू. तिथून गाळलेलं पाणी खड्ड्यात जाऊ द्यावं. वाळूचा वरचा थर दर वर्षी खरवडून बदलता येतो. दगड उपसणं कोण करणार? पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवा.

खड्डा घराच्या पायापासून निदान 10 फूट लांब आणि शौचालयाच्या टाकीपासून त्याहूनही दूर असावा. जादा पाणी गटारात जाईल असा पाइप काठाजवळ बसवा. दगडांमधून तळापर्यंत एक भोकांचा पाइप उभा ठेवा. मोठी सर थांबल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात काठी घालून पाहा. दोन दिवसांनीही काठी ओली निघाली, तर आधी लहान टाकीतली वाळू तपासा. ती स्वच्छ असेल, तर गाळ दगडांत पोचलेला आहे.