सेकंड हँड बाईक घेताय? व्हॉट्सॲपवर आलेल्या आरसी आणि विम्याच्या फोटोत काय वाचायचं?

समजा, लासलगावच्या एका तरुणाने नाशिकची जुनी बाईक पसंत केली. विकणाऱ्याने आरसीच्या पुढच्या बाजूचा आणि विम्याच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. ‘कागद क्लिअर आहेत, विमा २०२७ पर्यंत आहे,’ असंही सांगितलं. पण या दोन फोटोंवरून तेवढं ठरत नाही.

आरसीची मागची बाजू मागवा

नवीन आरसी कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘Owner Serial’ असतं. तिथे 1 असेल तर गाडी पहिल्याच मालकाकडे आहे, 2 असेल तर ती एकदा विकली गेली आहे. चेसिस नंबरही इथेच असतो. हा १७ अक्षरी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून पाहा. त्यात I, O आणि Q ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे अंधूक फोटोत O वाटलं तर ते शून्य समजा.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र मागे असते: ‘Financier’. तिथे बँक किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे. यालाच ‘HP’ किंवा ‘HPA’ म्हणतात. कर्ज फिटलं तरी हा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फायनान्सरची एनओसी आणि त्याच्या सहीचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. ‘हप्ते संपलेत’ एवढ्या तोंडी शब्दावर पूर्ण पैसे देऊ नका.

विम्यावर तारखा दोन असतात

ही बाईक जून २०२२ मध्ये नवी घेतलेली आहे असं धरू. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा घ्यावाच लागतो. पॉलिसीवर तो ‘TP’ म्हणून दिसतो आणि जून २०२७ पर्यंत चालतो. ‘OD’ म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. बऱ्याच पॉलिसींत हे संरक्षण पहिल्या एका वर्षाचंच असतं, म्हणजे इथे ते जून २०२३ ला संपलं. पुढे कुणी नूतनीकरण केलं नसेल, तर बाईक चोरीला गेल्यावर विमा कंपनीकडून एक रुपयाही मिळणार नाही. २०२७ ही तारीख फक्त दुसऱ्याला झालेल्या इजेपुरती आणि नुकसानीपुरती आहे.

OD चालू असेल तर दोन आकडे बघा. ‘IDV’ म्हणजे गाडी चोरीला गेल्यास जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. ‘NCB’ म्हणजे क्लेम न केल्याची सवलत. ही सवलत जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर ती नव्या मालकाला मिळत नाही.

व्यवहारानंतर

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आरसीवर एक नाव आणि पॉलिसीवर दुसरं राहिलं, तर OD चा क्लेम तिथेच अडकतो.